स्वॅपमध्ये इथर कमी का आले?

प्रश्न: लातूरहून विचारतोय. युनिस्वॉप या क्रिप्टो अदलाबदलीच्या मंचावर २०,००० यूएसडीसी, म्हणजे डॉलरशी बांधलेली नाणी, दिली. स्लिपेज, म्हणजे दाखवलेल्यापेक्षा किती कमी चालेल ती सूट, ५% होतं. स्क्रीनवर ९.९० इथर दिसले, हाती ९.४१ आले. बाकीचे कुठे गेले?

उत्तर: बहुधा तुमचं सँडविच झालं, म्हणजे तुमच्या व्यवहाराच्या आधी आणि नंतर कुणीतरी आपले व्यवहार घुसवले. व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी मेमपूलमध्ये, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेत, सगळ्यांना दिसतो, अगदी मोंढ्यात तुमची कमाल बोली सौद्याआधीच फुटावी तसा.

समजा पूलमध्ये, म्हणजे ज्या साठ्यातून अदलाबदल होते त्यात, १,००० इथर आणि २० लाख यूएसडीसी आहेत. बॉट, म्हणजे मेमपूलवर नजर ठेवणारा स्वयंचलित प्रोग्रॅम, तुमच्या आधी सुमारे ५२,३०० यूएसडीसीचे इथर घेऊन भाव चढवतो. तुम्हाला तुमच्या किमान मर्यादेइतकेच, ९.४१ मिळतात. लगेच तो सगळे विकतो आणि शुल्क हिशेबात न धरता हजारेक यूएसडीसी कमावतो. तुमचे ५% म्हणजे त्याला दिलेली मोकळीक!

ब्लॉकमधला क्रम ठरवून काढलेली ही कमाई म्हणजे एमईव्ही, मूळ नाव मायनर एक्स्ट्रॅक्टेबल व्हॅल्यू. त्या नावात मायनर असला तरी इथेरियमवर सप्टेंबर २०२२ पासून ब्लॉक मायनर नव्हे, तर इथर तारण ठेवणारे व्हॅलिडेटर मांडतात. बॉट नफ्याचा मोठा वाटा त्यांना देऊन जागा मिळवतो.

इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर तुमचा व्यवहार असलेला ब्लॉक उघडा. तुमच्या लगेच आधी खरेदी, लगेच नंतर विक्री, दोन्हींत तोच पत्ता किंवा काँट्रॅक्ट असेल तर खात्री झाली.

पुढे स्लिपेज ०.५% ठेवा. भाव पळत असेल तर स्वॅप फेल होऊन गॅस, म्हणजे नेटवर्कचं शुल्क, जाईल, पण तो तोटा लहान. वॉलेटमध्ये फ्लॅशबॉट्स प्रोटेक्टसारखा खाजगी आरपीसी, म्हणजे व्यवहार पाठवायचा सर्व्हर-पत्ता, लावला तर व्यवहार सार्वजनिक मेमपूलमध्ये जातच नाही.