फास्टिंग नॉर्मल, एचबीए१सी जास्त? आधी हिमोग्लोबिन बघा

प्रश्न: वय ४२. फास्टिंग शुगर ९४ आली, पण एचबीए१सी ६.६. डॉक्टर डायबिटीस म्हणतात. कुठला रिपोर्ट खरा धरू?

सीबीसी केलाय का? नसेल तर आधी तो करा.

तीन वर्षांमागे माझी फास्टिंग ९२ होती आणि एचबीए१सी तुमच्याएवढंच. नणंदेने रिपोर्ट वाचून निकाल लावला, "वहिनी, लपवून गोड खाता." त्या चवथीला घरातल्या सगळ्या नेवऱ्या मी तळल्या, माझ्या पानात एकही पडली नाही. शीत-हुमण जेवताना टोमणे वेगळेच. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं. पाळीत किती जातं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आठ-आठ दिवस जात होतं, जिना चढताना धाप लागायची.

मग म्हापशाला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हिशेब मांडला: ६.६ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १४३. आठवडाभर ग्लुकोमीटरवर मोजायला लावलं. सकाळी नव्वदीत, आणि ताटभर शीत जेवून दोन तासांनीही १३० च्या आत. मग १४३ सरासरी यायची कुठून? ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली टेस्टही दोन तासांनी १२४, म्हणजे नॉर्मल. सीबीसीत हिमोग्लोबिन निघालं ८.४ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त ५.

एचबीए१सी साखर थेट मोजत नाही, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी जुनी, तितकी तिला साखर जास्त चिकटलेली. लोह नसलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्याच जास्त उरतात, आणि साखर न वाढताही आकडा वर जातो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की उलटं होतं: नव्या पेशींचा लोंढा येतो आणि आकडा काही काळ खोटा खाली येतो. म्हणून माझं एचबीए१सी त्यांनी लगेच केलं नाही. हिमोग्लोबिन १२ वर आल्यावर तीन महिने थांबून केलं, ५.७ आलं. नॉर्मलच्या काठावर आहे, त्यामुळे दरवर्षी तपासते.

आता तुमचं असंच असेल असं नाही. हिमोग्लोबिन ठीक असेल तर बहुतेक वेळा जेवणानंतरची साखर उडालेली असते, आणि ती उपाशीपोटी दिसत नाही. तेव्हा जेवणानंतरची मोजाच. गोळ्या चालू असतील तर माझं वाचून बंद करू नका, सीबीसी आणि फेरिटिनचे कागद घेऊन डॉक्टरांना विचारा. फ्रुक्टोसामीनही करता येतं, ते गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतं आणि त्याचा तांबड्या पेशींशी संबंध नाही.

आणि घरात कुणी रिपोर्ट बघून पान वाढत असेल, तर सीबीसीचा कागद त्यांच्यासमोरही ठेवा. मी ठेवला. नणंद म्हणाली, "मी तर कधीपासून सांगत होते, वहिनी फिकट दिसतात म्हणून."