समेट आखणीतूनच घडू द्या

प्रश्न: दुरावलेले भाऊ-बहीण आईच्या वाढदिवसाच्या सहलीची आखणी करताना पुन्हा जवळ येतात, अशी गोव्यातली लघुकथा लिहीत आहे. समेट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. काय करावे?

उत्तर: दोघांपैकी एकट्याला ही सहल ठरवताच येऊ नये, अशी मांडणी करून पाहा. फोंड्याला आईसोबत राहणाऱ्या भावाला तिचे दुखरे गुडघे आणि जेवणाआधीची गोळी ठाऊक असते. मडगावला दिलेल्या बहिणीशी मात्र आई फोनवर मनातले बोलते, त्यामुळे पंचाहत्तरीला तिला माहेरच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जायचे आहे आणि तेही दिवाडी बेटावरून फेरीबोटीने, हे फक्त बहिणीलाच माहीत असते. बहीण दिवाडीवरचे एक जुने घर दोन रात्रींसाठी पसंत करते, पण झोपायची खोली माडीवर असते. "आई जिना चढत नाही आता," एवढाच भावाचा निरोप येतो. हे आपल्याला कसे कळले नाही, हे बहिणीला लागते, आणि आईने नार्व्याचे नाव आपल्याजवळ कधीच का काढले नाही, हे भावाला. कथेचा खरा ऐवज इथे आहे, म्हणून हा प्रसंग घाईने उरकू नका.

भांडणाचे कारणही गोव्याच्या मातीतले घ्यावे. येथील नागरी कायद्यानुसार मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जात असल्यामुळे वडिलोपार्जित घराच्या कागदावर जावयाचीही सही लागते. समजा, वडील गेल्यावर भावाने हक्क सोडण्याचा कागद बहिणीला न विचारता थेट तिच्या नवऱ्याकडे पाठवला होता. अबोल्याला एवढे कारण पुरे आहे. त्यात दारू, कर्ज किंवा दुष्ट वहिनी आणू नये.

आता आखणीकडे परत या. समजा, घरमालक खोली नोंदवतानाच राहणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र मागतो. भावजींचा क्रमांक भावाकडे असतो, तरीही तो बहिणीलाच लिहितो: "तळमजल्याची खोली मिळते आहे. भावजींचे आधारकार्ड लागेल. तुझी हरकत नसेल तरच त्यांना सांगतो." त्या वेळी जे केले नाही, ते तो या वेळी करतो. बहिणीला त्याचा अर्थ कळतो, वाचकालाही कळतो. पुढे भावाच्या तोंडी माफीचे वाक्य घातले तर मला वाटते ते सारे फुकट जाईल.

बहिणीचे उत्तर मात्र मोकळे असू द्या. "मीच पाठवते. आणि घराच्या कागदाचे नंतर बोलू, पण बोलू नक्की," असे ती लिहील. वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही, हे तिच्या शब्दांत राहिले की समेट खरा वाटतो. कथा नोंदणी पक्की होते तिथेच थांबवा आणि वाढदिवसाचा केक, ओवाळणी, डोळ्यांतले पाणी यांचे प्रसंग लिहिले असतील तर ते काढून टाका.