फोनला आपला आजार कळतो का?

“डोकेदुखीविषयी मी सहज एक व्हिडिओ पाहिला होता. आता यूट्यूब उघडावे तर मेंदूतल्या गाठीचेच व्हिडिओ समोर येतात. हा काही संकेत तर नसेल ना?”

ही शंका मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहावेसे वाटले. ज्या बाईंचे हे शब्द आहेत, त्यांना डॉक्टरांनी तपासून तणावामुळे होणारी डोकेदुखी असल्याचे सांगितले होते. तरीही रात्री त्या व्हिडिओ पाहत आणि धीर यावा म्हणून रक्तदाब मोजण्याचे यंत्र मागवून बसल्या होत्या. त्यानंतर खरेदीच्या ॲपवर ऑक्सिमीटर आणि ‘मेंदूसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांची खात्रीच पटली.

मी त्यांना पाहण्याचा इतिहास उघडायला सांगितला. विनोदी व्हिडिओ अर्ध्यावर सोडलेले होते. गाठीचे मात्र बहुतेक सगळे शेवटपर्यंत पाहिलेले होते. यूट्यूबने 2012 पासून शिफारशींमध्ये केवळ क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला अधिक महत्त्व दिले आहे.

“तुम्ही हे आवडीने पाहिलेत?” मी विचारले.

“छे, भीतीने. मध्येच बंद करायचा धीरच होत नव्हता.”

“आणि हा फरक त्या यंत्रणेला कसा कळणार?”

त्या बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ते माझ्या डोक्याबद्दल काहीच सांगत नाही. मी कुठे घाबरून थांबले, तेवढेच सांगते.”

त्रास घटनेपेक्षा आपण तिला दिलेल्या अर्थामुळे होतो, या विचाराने मी काम करते, आणि तो अर्थ बाईंनी स्वतःच बदलला याचे मला आजही समाधान आहे. खरेदीच्या ॲपचे गणितही त्यांना मग लगेच उमगले. रक्तदाबाचे यंत्र घेणाऱ्या इतरांनी आणखी काय घेतले, यावरून ती यादी बनते; त्यांतले किती जण आजारी होते आणि किती नुसतेच घाबरलेले, याची नोंद तिथे नसते.

अशा वेळी पहिला उपाय म्हणून लोक ‘Not interested’ दाबतात आणि काही बदलले नाही की अधिकच घाबरतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या 2022 च्या यूट्यूबवरील अभ्यासात या बटणाने नकोशा शिफारशींपैकी सुमारे 11 टक्केच रोखल्या गेल्या, तर ‘Don't recommend channel’ने 43 टक्के. म्हणून मी चॅनेलच बंद करायला, ते व्हिडिओ इतिहासातून काढायला आणि ऑटोप्ले थांबवायला सांगते. खरेदीच्या ॲपमध्येही पाहिलेल्या वस्तूंच्या नोंदी काढता येतात. मात्र ही साफसफाई एकदाच करावी. यादी निवळली का, हे दर तासाला पाहत राहणे ही त्याच भीतीची नवी तपासणी ठरते, आणि तिने मिळणारा दिलासाही तितकाच अल्पजीवी असतो.

काही आठवड्यांनी बाईंनी एका रात्री पुन्हा लक्षणे शोधली, त्या ‘मेंदूसाठी’च्या गोळ्याही मागवल्या आणि दोन दिवसांत ते व्हिडिओ परतले. या वेळी त्यांनी त्या शोधाची नोंद काढून टाकली, गोळ्यांची मागणी रद्द केली आणि डोकेदुखीची शंका पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारायची म्हणून कागदावर लिहून ठेवली.