आईच्या बाथरूममध्ये आधाराचा दांडा नेमका कुठे लावायचा?

प्रश्न: आई ७८ वर्षांची आहे, उजवा गुडघा दुखतो. बाथरूमचा फोटो जोडलाय. यात दांडे, मॅट आणि दिवा कुठे आणि कसा लावावा?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फोटोत माझी नजर आधी गेली ती कमोडशेजारच्या टॉवेल रॉडवर. फोटो मोठा करून रॉडचं पुढचं टोक बघा. भिंतीवरची गोल चकती टाइलपासून सुटली आहे आणि रॉड त्या बाजूला झुकलाय. टॉवेलच्या वजनाने असं होत नाही. आई उठताना रॉड धरून अंग वर ओढते आहे. दांडा कुठे हवा ते तिच्या हाताने दाखवून दिलंय. पण तो रॉड तिचा भार पेलणारा नाही, एक दिवस हातातच येईल. तो काढून टाका, आणि नवा दांडा लागेपर्यंत कमोडभोवती ठेवायची, दोन्ही बाजूंना हात टेकता येतील अशी चौकट आणा. नुसता रॉड काढलात तर सवयीने तिचा हात तिथेच जाईल आणि धरायला काहीच नसेल.

तिथे स्टेनलेस स्टीलचा इंग्रजी एल आकाराचा ग्रॅब बार लावा. आडवा भाग तळहाताने दाबून उठायला, उभा भाग धरून तोल सावरायला. जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. भिंतीपासून अंतर साधारण ३८ मिलिमीटर असावं, त्याहून जास्त असेल तर हात निसटल्यावर कोपरापर्यंतचा भाग आत अडकू शकतो. उंची पुस्तकातली घेऊ नका. आईला कमोडवर बसवा, उठायला सांगा आणि हात आपसूक जिथे टेकतो तिथे पेन्सिलने खूण करा. कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. उभा भाग कमोडच्या पुढच्या कडेच्या थोडा पुढे यायला हवा, कारण उठताना माणूस आधी पुढे झुकतो.

भोक पाडण्यापूर्वी त्या जागेच्या टाइल्स नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट नीट भरलेलं नाही, तिथे ड्रिल करताना टाइल तडकते. स्क्रू टाइल आणि गिलावा पार करून विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्के बसले पाहिजेत. भिंत हलक्या ब्लॉकची किंवा पार्टिशनची असेल तर साध्या प्लास्टिकच्या गिट्टीवर भागवू नका, त्या भिंतीसाठीचा अँकर लागतो. लावून झाल्यावर आईच्या आधी तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून ओढून बघा. चकती आणि टाइलमध्ये केसाएवढी फट दिसली तरी काम परत करून घ्या.

रबरी वाटी भिंतीवर दाबून, आतली हवा काढून चिकटवायचे दांडे घेऊ नका. टाइलच्या सांध्यातून हवा आत शिरते आणि पकड सुटणार याची आधी काहीच चाहूल लागत नाही.

न्हाणीतल्या निळ्या मॅटबद्दल मला शंका आहे. तिच्या खाली रबरी वाट्या असाव्यात, आणि तुमची लादी खरखरीत दिसते. अशा लादीवर वाट्या चिकटत नाहीत. मॅट ओली करा, पाय ठेवा आणि बाजूला ढकला. सरकली तर ती नसलेलीच बरी. त्याऐवजी घसरण रोखणाऱ्या पट्ट्या लादी कोरडी करून चिकटवा आणि साबणाचा बुळबुळीत थर रोज ब्रशने घासून काढा. दाराबाहेरचं सुती पायपुसणं तर लगेच बदला. त्याचा कोपरा दुमडलेला फोटोतही दिसतोय, दुखऱ्या गुडघ्याचा पाय पुरेसा उचलला जात नाही आणि नेमका तिथेच अडकतो. मागे रबर असलेलं, पातळ, कडा सपाट बसणारं पायपुसणं घ्या.

दिवा दाराच्या वर आहे. म्हणजे आई आत शिरली की उजेड पाठीमागून येतो आणि तिची सावली न्हाणीच्या कट्ट्यावर पडते. कट्टा पांढरा, लादी पांढरी, त्यात सावली, मग पायरी दिसणार कशी? कमोड आणि न्हाणीच्या मधोमध छतावर दुधी झाकणाचा दिवा लावा. उघडा प्रखर बल्ब नको, ओल्या लादीवर त्याची तिरीप डोळ्यांत जाते. कट्ट्याच्या कडेला गडद रंगाची पट्टी मारा. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर हालचालीने लागणारे मंद दिवे लावा, म्हणजे रात्री बटण चाचपडावं लागणार नाही.

लादीचा उतार आणि पाणी कुठे साचतं हे मला या फोटोत दिसत नाही. आईची आंघोळ झाल्या झाल्या एक फोटो काढा, आणि दुसरा रात्री, फ्लॅश बंद ठेवून, कमोडवर बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून. न्हाणीतल्या दांड्याची जागा ते दोन बघून सांगते.