रिपोर्टमधील ‘मेटास्टॅसिस’ या शब्दाचा नेमका अर्थ

प्रश्न: इंदूरला आत्याचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. रिपोर्टमध्ये काखेतील १४ पैकी २ गाठींत मेटास्टॅसिस लिहिले आहे. म्हणजे चौथी स्टेज का?

उत्तर: नाही, केवळ या ओळीवरून चौथी स्टेज ठरत नाही. कॅन्सरच्या पेशी मूळ गाठीतून सुटून लसिकावाहिन्यांतून किंवा रक्तातून दुसऱ्या जागी पोहोचतात आणि तेथे वाढू लागतात, त्याला मेटास्टॅसिस म्हणतात; पण ती जागा कोणती, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. त्याच बाजूच्या काखेतील लसिकाग्रंथी हा स्तनातून निघालेल्या पेशींचा बहुधा पहिला मुक्काम असतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या १४ ग्रंथी तपासल्या आणि २ मध्ये अशा पेशी सापडल्या, एवढेच ती ओळ सांगते. खाली बहुधा pN1a असे लिहिलेले असेल. ते काखेतील १ ते ३ ग्रंथींसाठी वापरतात.

हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू अशा दूरच्या अवयवांत प्रसार असेल, तरच M1 म्हणजे चौथी स्टेज मानतात. पॅथॉलॉजिस्ट दोन्हीकडे एकच शब्द वापरतात, म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो, आणि तो स्वाभाविकच आहे. दूरचा प्रसार काखेच्या ग्रंथी तपासून कळत नाही. त्यासाठी गरजेप्रमाणे सीटी, बोन स्कॅन किंवा पेट-सीटी करतात. म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे: “स्कॅनमध्ये दूर कुठे काही दिसले का, की स्कॅन अजून व्हायचा आहे?”