गोषवारा की दावे: नेमकं काय राखलं जातं?

“माझ्या पेटंट अर्जाच्या मसुद्याच्या गोषवाऱ्यात ‘कोणतंही बी टोकणारं यंत्र’ आहे. जालन्यात कुणी स्प्रिंगऐवजी वजनानं मिटणारी चोच लावली तर अडवता येईल का?”

गोषवाऱ्याच्या जोरावर नाही. तो १५० शब्दांपर्यंतची नुसती ओळख असते. तुमच्या हक्काला बांध घालतात ते दावे. तुमचा पहिला दावा तोडून वाचा: बियाण्याची पेटी, ८ खाचांची चकती, स्प्रिंगनं मिटणारी चोच. समोरच्याच्या यंत्रात तिन्ही सापडले तरच सरळ उल्लंघन. स्प्रिंग काढून वजन लावलं की ‘काम तेच, रीतही तीच’ हे वेगळं सिद्ध करत बसावं लागतं, आणि ते फार जड जातं.

म्हणून पहिल्या दाव्यात ‘चोच मिटवणारा भाग’ लिहा, स्प्रिंग दुसऱ्या दाव्यात टाका, वर्णनात वजनाचा प्रकारही दाखवा. मात्र तशी चोच आधीपासून वापरात असेल तर रुंद दावा टिकणार नाही, तेवढा शोध आधी घ्या. हे आत्ताच करा. दाखल झालेला दावा पेटंट कायद्याच्या कलम ५९ मुळे नंतर रुंदावता येत नाही.