एका सोनोग्राफीवर निकाल लावू नका

प्रश्न : सहावा आठवडा चालू आहे. काल तपकिरी डाग दिसला, आज थोडं लाल गेलं. पाळीच्या वेळी दुखतं तसं ओटीपोटात हलकं दुखतंय. सगळं संपलं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला कधी ना कधी रक्त दिसतं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींची गर्भधारणा पुढे नीट चालते. रक्त जातंय, पण गर्भाशयाचं तोंड बंद आहे आणि गर्भ आत आहे, अशा अवस्थेला आम्ही 'थ्रेटन्ड अबॉर्शन' म्हणतो. रिपोर्टवर 'अबॉर्शन' हा शब्द वाचून घरोघरी रडारड होते. त्याचा अर्थ गर्भपात झाला असा नाही, गर्भपाताचा धोका आहे एवढाच.

पण धोका आहे की नाही, हे डागाच्या रंगावरून घरी बसून ठरत नाही. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील आणि असं दोन तास चाललं, चक्कर आली, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं, तर उद्याची वाट न बघता लगेच निघा.

प्रश्न : खालून सोनोग्राफी करायला सांगितली आहे. त्याने रक्तस्राव वाढेल का?

नाही. करून घ्या.

प्रश्न : पाळीच्या तारखेने सात आठवडे होऊन गेले. थोडं रक्त गेलं म्हणून सोनोग्राफी केली, तर सॅक दिसली पण बाळ नाही, ठोके नाहीत. 'वाढ थांबली आहे, परवा पिशवी साफ करून घ्या' असं सांगितलं. काय करू?

परवा काही करू नका. हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, की उत्तर जरा लांबणार आहे.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले आठवडे हा एक अंदाज असतो. पाळी बरोबर अठ्ठावीस दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते, त्यांचं बीजही तितकंच उशिरा सुटतं. म्हणजे बाळ तारखेपेक्षा लहान असतं आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

खालून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास नुसती सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची थैली, दिसते. मग काही दिवसांनी तिच्यात योक सॅक हे छोटं गोल कडं दिसतं आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास तांदळाच्या दाण्याहून लहान गर्भ आणि त्याचे ठोके. दोन-चार दिवस अलीकडे बघितलं तर ठोके नसणारच.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं उदाहरण देते. पाळीच्या तारखेने सात आठवडे दोन दिवस, म्हणजे ५१ दिवस. दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीत सॅक सरासरी १० मिलिमीटर, आत योक सॅक, गर्भ नाही. हातात गर्भपाताच्या गोळ्यांची चिठ्ठी. मी एकच प्रश्न विचारला, पाळी किती दिवसांनी येते? 'चाळीसेक दिवसांनी.' म्हणजे बीज बारा दिवस उशिरा सुटलं असणार. ५१ मधून १२ गेले, उरले ३९. पाच आठवडे चार दिवसांच्या गरोदरपणात १० मिलिमीटरची सॅक आणि योक सॅक हे अगदी जागच्या जागी होतं. बारा दिवसांनी पुन्हा बघितलं, तेव्हा १० मिलिमीटरचा गर्भ होता आणि ठोके स्पष्ट होते.

दरवेळी असं होत नाही, हेही सांगायला हवं. पुष्कळदा दुसऱ्या सोनोग्राफीत पहिल्या शंकेवरच शिक्कामोर्तब होतं. पण रक्तस्राव बेताचा असेल आणि तब्येत बरी असेल, तर त्या दहा-बारा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. घाई केली तर मात्र जे जातं ते परत आणता येत नाही.

म्हणूनच 'वाढ थांबली' म्हणायला ठरलेली मापं आहेत. खालून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि ठोके नाहीत, किंवा सॅकचं सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि आत गर्भच नाही, तर वाढ थांबली आहे असं म्हणता येतं. तिथेही दुसऱ्या तज्ज्ञाची नजर फिरलेली बरी. पूर्वी हे आकडे लहान होते. मोजणाऱ्याचा हात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी जिवंत गर्भ मृत ठरू शकतो हे लक्षात आल्यावर ते वाढवले गेले. माप याहून कमी असेल तर उत्तर एकच : सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. सॅकमध्ये योक सॅक दिसली असेल तर मी किमान अकरा दिवस थांबते. तुमच्या रिपोर्टवर ही मापं लिहिलेली असतात. ती बघा, पाळीचं चक्र किती दिवसांचं ते डॉक्टरांना सांगा आणि दुसरं मत घ्या.

प्रश्न : टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण सोनोग्राफीत पिशवीत काहीच दिसलं नाही. एका बाजूला दुखतंय. डॉक्टर आठवड्याने बोलावतात.

आठवडा थांबायचं नाही, आजच जा. फार लवकर बघितलं म्हणून पिशवी रिकामी दिसू शकते, हे खरं. पण गर्भ नळीत रुजला असेल तरी ती रिकामीच दिसते, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेततं. बाहेर जेमतेम डाग आणि आत रक्ताचं तळं, असं होऊ शकतं. खांद्याच्या टोकाला दुखणं किंवा भोवळ येणं ही त्याची खूण. अशा वेळी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात. एकाच आकड्यावरून कोणी धीर दिला तर ऐकू नका.

प्रश्न : ठोके आहेत, पण रिपोर्टमध्ये 'सॅकजवळ रक्ताची गुठळी' लिहिलंय. जिने चढले म्हणून झालं का?

नाही. सॅकचं आवरण गर्भाशयाच्या भिंतीपासून थोडं सुटलं की तिथे रक्त साठतं. लहान गुठळी बहुधा आपोआप विरते, विरताना तपकिरी डाग जात राहतात. मोठी असेल तर डॉक्टर पुन्हा बघायला बोलावतील, तेव्हा जा.

प्रश्न : 'गर्भ टिकायची' इंजेक्शनं आठवड्याला आणि पूर्ण बेडरेस्ट सांगितली आहे. करू का?

पडून राहिल्याने गर्भपात टळतो असा पुरावा नाही. जड कामं टाळा, पण अंथरुणाला खिळू नका. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो. तो खाटेवर पडून दुरुस्त होत नाही आणि इंजेक्शनानेही नाही.

या इंजेक्शनांत बहुधा असणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनला मात्र सरसकट 'फालतू' म्हणून चालणार नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांवर स्त्रियांवर झालेल्या 'प्रिझम' चाचणीचा निकाल २०१९ साली आला. रक्तस्राव झालेल्या सगळ्यांना मिळून ठाम फायदा दिसला नाही. ज्यांचे आधी गर्भपात झाले होते, त्यांच्यात मात्र दिसला. तिथल्या मार्गदर्शक सूचनांत अशांसाठी योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या आहेत, आणि त्याही गर्भ पिशवीत असल्याची खात्री झाल्यावर. सोनोग्राफी न करताच इंजेक्शनांचं पॅकेज हातात ठेवणाऱ्याला विचारा, मला नेमकं कशासाठी? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे दाखवा. चालू औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : रक्तगट निगेटिव्ह आहे. डागांबद्दल वेगळं काही?

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन हवं की नको, हे आठवडा आणि रक्तस्राव बघून ते ठरवतील.